गेटवर कुलूप दिसलं तर आधी कागद वाचा

मस्तगडच्या गल्ल्यांतून पहाटे डबा घेऊन औद्योगिक वसाहतीकडे निघणारी किती माणसं आहेत, ते तुम्हाला माहीत आहे. कुणी रोलिंग मिलमध्ये, कुणी भट्टीवर, कुणी बियाण्याच्या कंपनीत. हा मजकूर त्यांच्यासाठी आहे, आणि घरी त्यांची वाट बघणाऱ्यांसाठीही.

एखाद्या सकाळी तुम्ही गेटवर पोचता. गेटला साखळी, साखळीला कुलूप, बाजूला चिकटवलेला एक कागद. त्यावर लिहिलंय, "पुढील सूचना मिळेपर्यंत काम बंद राहील." रखवालदार म्हणतो, मला काही माहीत नाही. माणसं थोडा वेळ उभी राहतात आणि पांगतात. कुणी गावी जातं, कुणी दुसरीकडे रोजावर लागतं.

सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. कुलूप लागल्याने होतं त्यापेक्षा जास्त, पांगल्याने होतं.

म्हणून पहिलं काम हे करा. त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढा. तारीख, वेळ, कुणाची सही, शिक्का आहे की नाही, सगळं नीट दिसलं पाहिजे. कागद नसेल तर कुलपाचा आणि गेटचा काढा. दोन दिवसांनी कागद बदलला तर नव्याचाही काढा. पुढे महिनोन्महिने वाद होईल तो याच कागदातल्या शब्दांवर.

कारण गेट बंद होण्याचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि तिन्हींचा पैसा वेगळा आहे.

पहिला प्रकार म्हणजे ले-ऑफ. मालकाला तुम्हाला कामावर ठेवायचं आहे, पण आज देता येत नाही. वीज नाही, भंगार आलं नाही, तयार सळ्या गोदामात पडून आहेत, यंत्र बिघडलं आहे. तुमचं नाव हजेरीपटावर तसंच असतं.

दुसरा प्रकार टाळेबंदी. इथे काम असतं, पण मालक तुम्हाला आत घेत नाही. बहुतेक वेळा मागे वाद असतो. बोनसचा, पगारवाढीचा, युनियनचा. कुलूप हे त्या वादातलं त्याचं हत्यार असतं. तुमच्या हातात संप असतो, तसं त्याच्या हातात हे.

तिसरा प्रकार कायमची बंदी. इथे नुसतं गेट बंद होत नाही, धंदाच बंद होतो. सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकात हा फरक सांगितला, तो आजही चालतो. टाळेबंदीत मालक कामाची जागा बंद करतो, बंदीत तो धंदाच बंद करतो.

कागदावर मालक कोणता शब्द लिहितो त्यावर सगळं ठरत नाही. प्रत्यक्षात काय घडलं, ते पाहिलं जातं. "ले-ऑफ" लिहून मागच्या दाराने ट्रक भरून माल जात असेल, तर तो ले-ऑफ नाही. "तात्पुरतं बंद" लिहून यंत्रं उचलली जात असतील, तर ती बंदी आहे. असं काही दिसलं तर तारीख, वेळ आणि वाहनाचा क्रमांक लिहून ठेवा. भांडायला जाऊ नका, फक्त नोंद ठेवा.

आता सरकारची परवानगी कुठे लागते ते पाहू. याबद्दल गावात सगळ्यात जास्त गैरसमज आहे.

अनेकांना वाटतं, सरकारच्या परवानगीशिवाय कुठलाच मालक कारखाना बंद करू शकत नाही. हे खरं नाही. कारखान्यात किती कामगार आहेत, त्यावर ते ठरतं. आधीच्या कायद्यात हा आकडा शंभर होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, आणि आकडा तीनशे झाला. मागच्या बारा महिन्यांत दर कामाच्या दिवशी सरासरी तीनशे किंवा त्याहून जास्त कामगार असतील, तरच ले-ऑफ, कामगारकपात आणि कायमची बंदी यांना आधी परवानगी लागते.

आपल्याकडच्या कितीतरी मिल या आकड्याच्या खाली आहेत. एकशेवीस कामगारांच्या मिलला जुन्या कायद्याने परवानगी घ्यावी लागली असती. आता लागत नाही. हे मला पटत नाही. एकशेवीस माणसांचं गेट बंद झालं तर त्यामागे एकशेवीस चुली असतात. पण आज कायदा असा आहे, आणि आहे तसाच तो तुमच्यापुढे ठेवणं माझं काम आहे.

तुमचं गेट २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधी बंद झालं असेल, तर तुमचं प्रकरण जुन्या कायद्याने पाहिलं जाईल. म्हणून बंद झाल्याची नेमकी तारीख विसरू नका.

टाळेबंदीला सरकारची परवानगी लागत नाही, कारखाना लहान असो की मोठा. तिथे लागते ती नोटीस. मालकाने आधी लेखी नोटीस द्यायची, आणि दिल्यापासून चौदा दिवस तरी कुलूप लावायचं नाही. नोटीस दिल्याचं पाच दिवसांत सरकारला आणि समेट अधिकाऱ्याला कळवायचं. समेटाच्या बैठका चालू असताना आणि त्या संपल्यावर सात दिवस टाळेबंदी करता येत नाही.

यातून तुमच्यासाठी एक उपयोगाची गोष्ट निघते. टाळेबंदीची नोटीस लागली की त्याच दिवशी कामगार कार्यालयात अर्ज द्या आणि समेटाची बैठक लावायला सांगा. बैठक सुरू झाली की कुलूप लावणं बेकायदा ठरतं. मात्र त्या काळात तुम्हालाही संप करता येत नाही.

आणि एक जपा. रागाच्या भरात सगळ्यांनी एकाच दिवशी रजा टाकायची, असं ठरवू नका. नव्या संहितेत निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकत्र घेतलेली सामूहिक रजा संप धरली जाते. नोटीस न देता केलेला संप बेकायदा, आणि बेकायदा संपाला उत्तर म्हणून लावलेलं कुलूप बेकायदा ठरत नाही. तुमच्या एका दिवसाच्या रजेमुळे मालकाला पुढच्या दोन महिन्यांची सबब मिळते.

टाळेबंदीतल्या पगाराचं असं आहे. टाळेबंदी बेकायदा ठरली तर त्या दिवसांचा पूर्ण पगार. मालकाची टाळेबंदी कायदेशीर आणि रास्त ठरली तर पगार नाही. मधली स्थिती बऱ्याचदा येते. दोन्हीकडे चूक असते, किंवा टाळेबंदी सुरुवातीला रास्त होती आणि पुढे उगाच ताणली गेली. कोलकात्याच्या एका वृत्तपत्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये सांगितलं, की अशा वेळी दोघांच्या चुकीचं माप काढून पगार वाटून द्यावा. म्हणून काही कामगारांना पूर्ण पगार मिळतो, काहींना निम्मा, तर काहींना काहीच मिळत नाही. टाळेबंदीत पगाराचा ठरलेला टक्का नाही. "निम्मा पगार तर मिळतोच" असं कुणी सांगत असेल, तर तो ले-ऑफचा नियम इथे चिकटवतो आहे.

ले-ऑफमध्ये निम्मा मिळतो, हे बरोबर. पण त्याला अटी आहेत. कारखान्यात पन्नास तरी कामगार असावेत. तुमची सलग एक वर्षाची नोकरी असावी, म्हणजे बारा महिन्यांत दोनशेचाळीस दिवस भरलेले असावेत. कारखाना हंगामी नसावा. जिनिंगमध्ये कापसाचा हंगाम संपल्यावर काम थांबतं, तो ले-ऑफ धरला जात नाही. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मे पैसे मिळतात, साप्ताहिक सुट्या सोडून. बारा महिन्यांत पंचेचाळीस दिवसांपुढेही ले-ऑफ चालू राहिला, तर पुढचे पैसे थांबवता येतात. पण त्यासाठी तुमच्याशी तसा करार झालेला असावा लागतो. म्हणून असा करार पुढे आला तर सही करण्याआधी कुणाला तरी दाखवा.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते पुढच्या अटीत. ले-ऑफमध्ये रोज एकदा तरी, ठरलेल्या वेळी कारखान्यावर हजर व्हावं लागतं. न आल्यास त्या दिवसाची भरपाई मिळत नाही. काम नाही, मग जायचं कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण जायचं. रखवालदाराकडे सही मागा. दिली नाही तर गेटसमोर तारखेसह फोटो काढा, दोघा-तिघांनी एकत्र जा, एका वहीत सगळ्यांची नावं आणि वेळ लिहा. शंभर पानी वही पुरते. ती घरातल्या बाईकडे ठेवा, कामगाराच्या खिशात नको.

हजर झाल्यावर दोन तासांत काम दिलं नाही, तर त्या दिवसाचा ले-ऑफ धरला जातो. पाळीच्या दुसऱ्या अर्ध्यात या म्हणून सांगितलं, तर तेव्हाही हजर व्हा. दुसरं बरोबरीचं काम जवळच दिलं आणि तुम्ही नाकारलं, तरीही भरपाई जाते.

आता एका माणसाचा हिशोब करून पाहू. हिशोब सोपा पडावा म्हणून मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना तेरा हजार धरा. नोकरी नऊ वर्षांची. मिल एकशेवीस कामगारांची. म्हणजे बंदीला परवानगी लागत नाही, पण पन्नासच्या वर असल्याने मालकाने साठ दिवस आधी सरकारला बंदीची नोटीस द्यायला हवी.

ले-ऑफ असेल तर रोजचा दर तेरा हजारांना सव्वीसने भागून पाचशे. त्याचे निम्मे अडीचशे. सव्वीस दिवसांच्या महिन्याला साडेसहा हजार. ते घरभाडं आणि किराण्यातच संपतात, हे खरं. पण नाव हजेरीपटावर राहतं आणि नोकरीची वर्षं मोजली जातात.

कायमची बंदी असेल तर वेगळा हिशोब. दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार. महिन्याच्या पगाराचे निम्मे म्हणजे साडेसहा हजार, गुणिले नऊ, अठ्ठावन्न हजार पाचशे. शेवटचं वर्ष सहा महिन्यांहून जास्त भरलं असेल तर तेही पूर्ण धरलं जातं. एक महिन्याची नोटीस दिली नसेल तर तेरा हजार वेगळे. पाच वर्षांच्या वर नोकरी असल्याने ग्रॅच्युइटी वेगळी. तिथे सव्वीसने भागतात, म्हणून दर वर्षाला साडेसात हजार, नऊ वर्षांचे सदुसष्ट हजार पाचशे. तिन्ही मिळून एक लाख एकोणचाळीस हजार. शिवाय थकलेला पगार आणि उरलेल्या रजेचे पैसे.

मालक म्हणेल, "तोटा झाला, मंदी आहे, माल पडून आहे, मग भरपाई कुठून देऊ?" त्यामुळे भरपाई कमी होत नाही. फक्त मालकाच्या हाताबाहेरच्या कारणाने बंद झालं, तर ती तीन महिन्यांच्या पगारापुरती मर्यादित होते. पैशांची अडचण आणि पडून राहिलेला माल ही ती कारणं नव्हेत, असं कायद्यातच लिहिलं आहे. आणि पन्नासपेक्षा कमी कामगार असले म्हणून बंदीची भरपाई बुडत नाही. लहान मिलमधली माणसं "आपल्याला काही नाही" म्हणून गप्प बसतात, ते बसू नका.

नोकरी बंदीमुळे गेली तर थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो, असं वेतन संहिता सांगते. तेवढ्यात तो येईल, असं मी म्हणणार नाही. पण मागणीचा अर्ज देताना ही मुदत त्यात लिहा.

आता मोठ्या कारखान्याची गोष्ट. तिथे परवानगी लागते तेव्हा काय होतं, हे तळेगावात दिसलं. जनरल मोटर्सने पुण्याजवळच्या तळेगाव कारखान्यातलं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबवलं. कंपनीने बंदीची परवानगी मागितली, ती सरकारने जानेवारी २०२१ मध्ये नाकारली. कामगारांना वाटलं, आता सुटलो. पण एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने १,४१९ कामगारांना ले-ऑफ दिला आणि निम्मा पगार देऊ केला. पुढे वाद कोर्टकचेरीत गेला. २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला.

परवानगी नाकारली म्हणजे भट्टी पेटत नाही. सरकार मालकाला यंत्र चालवायला भाग पाडू शकत नाही. परवानगी नाकारल्याचा किंवा मागितलीच नसल्याचा परिणाम वेगळा असतो. बंदी पहिल्या दिवसापासून बेकायदा ठरते, आणि कामगारांना कारखाना बंदच झालेला नाही असं समजून सगळे लाभ मिळतात. वरच्या माणसाचं नाव तीनशेच्या वरच्या कारखान्यात असेल आणि परवानगीशिवाय गेट बंद झालं असेल, तर त्याचा दर महिन्याचा पूर्ण पगार चढत राहतो. हा मोठा हक्क आहे. पण तो मिळवायला वर्षं लागू शकतात, आणि चूल तोपर्यंत थांबत नाही. एकच दिलासा असा, की दंड आणि चढणारा पगार पाहून मालक बोलणी करायला बसतो.

बंदीच्या परवानगीच्या अर्जाबाबत दोन गोष्टी जाणून घ्या. मालकाने नव्वद दिवस आधी अर्ज करायचा असतो, आणि त्याची प्रत तुमच्या प्रतिनिधींना द्यायची असते. सरकारने साठ दिवसांत उत्तर दिलं नाही, तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. म्हणजे सरकार गप्प राहिलं तर तुम्ही हरता. प्रत मिळाली की दोन दिवसांत तुमचं लेखी म्हणणं द्या. ऑर्डर अजून आहेत, माल अजून जातो, भरती अजून चालू आहे, असं जे खरं असेल ते सांगा. ही साठ दिवसांची मुदत पाहून कामाला लागा.

ठेकेदारामार्फत कामाला असाल, तरी गप्प बसू नका. गेट बंद झालं की ठेकेदार म्हणतो, "मिलवाले पैसे देत नाहीत." मिलवाले म्हणतात, "तुम्ही आमचे नाहीत." ठेकेदाराने केलेल्या कामाचा पगार दिला नाही, तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकाकडे येते. त्यासाठी तुम्ही तिथे काम केलं, हे दाखवावं लागतं. गेटपास, ओळखपत्र, पगार जमा झालेलं बँक पासबुक, पीएफचा नंबर, ईएसआय कार्ड, मुकादमाने पाठवलेले मोबाइल मेसेज. यातलं जे असेल ते जपून ठेवा. बिहारहून, उत्तर प्रदेशातून आलेल्या तुमच्या शेजारच्या खोलीतल्या माणसालाही हे सांगा. गावी जाण्याआधी त्याच्याकडून नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहून घ्या. तीनशेचा आकडा मोजायची वेळ आली तर तुमची ही यादी लागू शकते.

आता सगळ्यात कळकळीची गोष्ट. कुलूप लागल्यानंतर आठ-पंधरा दिवसांत एखादा माणूस घरी येतो. कारखान्यातला असतो, ओळखीचा असतो. म्हणतो, "साहेब पंचवीस हजार रोख देतात, इथे सही करा." कागदावर वर लिहिलेलं असतं राजीनामा, किंवा "माझं सर्व येणं मिळालं, काही तक्रार नाही." तुमच्या घरात दोन महिन्यांचं भाडं थकलेलं असतं, आणि सही होऊन जाते. वरचा एक लाख एकोणचाळीस हजारांचा हिशोब त्या सहीबरोबर धोक्यात येतो. राजीनामा दिला म्हणजे तुम्हाला कुणी काढलं नाही, बंदीही तुमच्यावर लागू नाही, असं मालक म्हणू शकतो.

पैसे आलेच पाहिजेत इतकी अडचण असेल, तर घ्या. मी कुणाला उपाशी बसायला सांगणार नाही. पण कागदाचा फोटो आधी काढा. पावतीवर स्वतःच्या अक्षरात लिहा, "थकीत पगारापोटी आगाऊ रक्कम मिळाली, बाकी हक्क राखून." आणि कोऱ्या कागदावर सही कधीच देऊ नका.

कामगार कार्यालयात जाताना अर्जाच्या दोन प्रती न्या. एक तिथे द्या, दुसरीवर पोच शिक्का घ्या. अर्ज लांबलचक नको. कधी गेट बंद झालं, कागदावर काय होतं, किती कामगार, किती महिन्यांचा पगार थकला, इतकं पुरे. एकट्याने जाण्यापेक्षा पाच जणांनी सह्या करून जा. थकीत रक्कम वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत करायचा असतो, उशीर झाला तर कारण द्यावं लागतं. म्हणून "मालक बघेल म्हणाला आहे" यात महिने घालवू नका.

कारखाना ईएसआयमध्ये असेल तर स्थानिक ईएसआय कार्यालयात जाऊन बेरोजगारी भत्त्याबद्दल विचारा. कारखाना बंद पडून नोकरी गेलेल्या, ठराविक काळ वर्गणी भरलेल्या कामगारांसाठी अशी योजना आहे. बंदीच्या कागदाची प्रत तिथे लागते. पहिल्या दिवशी काढलेला फोटो इथेही उपयोगी पडतो. पीएफचं खातंही त्याच दिवशी तपासा. मागच्या महिन्यांची रक्कम भरली आहे की फक्त पगारातून कापली आहे, ते दिसेल. कापून भरली नसेल, तर त्याची तक्रार वेगळी पीएफ कार्यालयात करायची.

आज रात्री एवढं करा. पगाराच्या चिठ्ठ्या, नेमणुकीचं पत्र, हजेरी कार्ड, पासबुक, ईएसआय आणि पीएफचे नंबर एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला. गेट चालू आहे तोवर हे सगळं सहज मिळतं. कुलूप लागल्यावर हजेरीपट आत असतो आणि तुम्ही बाहेर.